बादली कोरडी राहिली, तेवढंच लिहू का?

गळक्या गच्च्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. बिलाचे पैसे मागताना मला कधी संकोच वाटला नाही. हातात कागद असतो, त्यावर आकडा असतो, समोरच्यालाही ठाऊक असतं की हा माणूस आज ना उद्या दारात उभा राहणार. पण काम उत्तम झालंय, गिऱ्हाईक खूश आहे, चहासोबत चिवडाही पुढे आलाय, अशा वेळी "आमच्याबद्दल थोडं लिहून द्याल का?" हे वाक्य काही केल्या तोंडातून निघत नाही. चिवडा संपतो, चहा संपतो, मी "येतो मग" म्हणून चपला शोधायला लागतो.

बरं, न मागून चालत नाही. आमच्या कामाची गंमत अशी की ते दिसतच नाही. जुना कोबा फोडायचा, स्लॅबच्या भेगा भरायच्या, कठड्याच्या कडेनं वाटा मारायच्या, वर वॉटरप्रूफिंगचे थर द्यायचे, उतार काढून विटांच्या तुकड्यांचा कोबा करायचा आणि शेवटी चायना मोझेक बसवायचं. एवढं झाल्यावर माझी गच्ची आणि चुना लावून गेलेल्याची गच्ची शेजारी शेजारी ठेवली तर मलासुद्धा ओळखू येणार नाही. फोटो दाखवून उपयोग शून्य. कुणाला खात्री पटवायची तर त्या गच्चीखाली झोपणाऱ्या माणसाच्या तोंडूनच पटते.

आणि गच्चीखाली झोपणारा माणूस पुण्याचा असेल तर तो कौतुकाच्या बाबतीत जपून असतो. "अजून तरी काही नाही" ही आमच्याकडची सर्वोच्च पदवी. पहिल्याच दिवशी "अप्रतिम!" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी घाबरतो, त्यानं बहुधा बिल नीट वाचलेलं नसतं.

आमच्याच धंद्यातला एक मित्र यावर उपाय म्हणून गिऱ्हाइकांना एक मेसेज पाठवायचा. "आपला बहुमूल्य अभिप्राय आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे" इथून सुरुवात, खाली लिंक, लिंक उघडली की लॉगिन, मग तारे, मग "सविस्तर अनुभव लिहा" असा मोकळा चौकोन, वर "शक्य असल्यास छोटा व्हिडिओही पाठवावा". उत्तरादाखल त्याला जोडलेले हात आणि फुलांचे गुच्छ भरपूर आले. अभिप्राय कुणाचा आला नाही. लोकांना त्याचं काम आवडलं नव्हतं असं नाही, पण त्या मोकळ्या चौकोनात लिहायचं काय, हा प्रश्न त्यानं गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातला होता.

कोरा कागद काय करतो ते माझ्या एका गिऱ्हाइकाकडे बघावं. निवृत्त मुख्याध्यापक. मी भीतभीत विचारलं, ते आनंदानं "अवश्य" म्हणाले. मग कित्येक आठवडे मी दिसलो की तेच ओशाळायचे. "विसरलो नाहीये हां, कच्चा मसुदा झालाय!" ते मला टाळण्यासाठी जिन्यात थांबायला लागले. शेवटी कागद हाती आला. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, आणि मजकूर असा: "सदर इसम कामात नियमित असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. त्यांच्या भावी वाटचालीस शुभेच्छा." गच्चीचा उल्लेख नाही. हा दाखला घेऊन मला आठवीत प्रवेश मिळाला असता, काम मिळालं नसतं.

वेळेचं गणित तर आमच्या धंद्यात फारच नाजूक. बिल चुकतं झालं की लगेच विचारावं, असं लोक सांगतात. पण काम होतं मे महिन्यात. आम्ही गच्चीत कडेला विटांचे बांध घालून पाणी भरून ठेवतो आणि खाली ओल येते का ते बघतो, ते खरंय. तरी गिऱ्हाईक त्याला परीक्षा मानत नाही. त्याची परीक्षा घेणारा जूनमध्ये येतो. त्याआधी विचारलं तर "पाऊस पडू द्या की राव" हे उत्तर ठरलेलं, आणि ते अगदी रास्त आहे. बरं, दिवाळीपर्यंत थांबावं तर दुसरंच संकट. गळती थांबली की माणूस ती होती हेच विसरतो. भिंतीला रंग लागतो, पोपडे जातात, बादली पुन्हा बाथरूममध्ये जाते, आणि नोव्हेंबरात "कसं वाटलं काम?" विचारलं तर माणूस "कुठलं?" म्हणतो. म्हणजे विचारायची जागा आहे ती पहिल्या दणक्या पावसानंतरचे चार-आठ दिवस. तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या बादल्या वाजत असतात आणि आपल्या गिऱ्हाइकाला त्या ऐकू येत असतात.

कोथरूडच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्या बेडरूमच्या कोपऱ्यात कित्येक पावसाळे बादली मुक्कामाला होती. जुलैत एका सकाळी त्यांचा फोन आला. गिऱ्हाइकाचा फोन पावसाळ्यात सकाळी सकाळी आला की माझ्या पोटात गोळा येतो. पण काकू म्हणाल्या, "अहो, काल रात्रभर कोसळत होता. मी सवयीनं दोनदा उठून बादली बघितली. कोरडी! मग झोपच येईना."

हे त्या बोलल्या आणि माझ्या लक्षात आलं की मागायचं ते मिळालेलंच आहे. आता फक्त परवानगी हवी. म्हटलं, "काकू, हे आत्ता बोललात ना, तेवढंच तुमच्या नावानं लिहू का? मी टाइप करून पाठवतो. पटलं तर 'हो' म्हणा, नको असेल तर नको म्हणा, मला काही वाटणार नाही." त्यांना लिहायचं नव्हतं, आठवायचं नव्हतं, लिंक उघडायची नव्हती. ज्या बाईनं वाक्य आधीच उच्चारलंय तिला ते आपलं म्हणायला कितीसे कष्ट?

संधी साधून मी आणखी एकच गोष्ट विचारली, "काम द्यायच्या आधी धाकधूक कसली होती?" या प्रश्नाला माणसं कधी अडखळत नाहीत. तक्रार म्हटली की मराठी माणसाची प्रतिभा जागी होते. काकू म्हणाल्या, "अहो, तुमच्या आधी दोघं येऊन गेले होते. दोघंही दहा वर्षांची गॅरंटी देऊन गेले आणि दोघांचेही फोन लागत नाहीत. तुम्ही तिसरे, एवढंच." मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी टाइप केली आणि पाठवली.

संध्याकाळी काकांचा फोन. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सहीच्या आधी कागद तपासायची सवय. त्यांनी मजकुरात सुधारणा केली होती: "दर्जेदार काम, तत्पर सेवा, वाजवी दर. सर्वांनी अवश्य लाभ घ्यावा." मागून काकूंचा आवाज, "बादली कुठे गेली? बादली राहू द्या!" मी मनातल्या मनात काकूंना साष्टांग नमस्कार घातला. काकांची वाक्यं पिठाच्या गिरणीपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणीच ती वाचत नाही. रात्री दोनदा उठून बादली बघणारी बाई मात्र बनावट असूच शकत नाही, हे गळक्या घरातल्या माणसाला बरोब्बर कळतं.

पण काकांची खरी अडचण वेगळी होती, आणि ती मला मोलाची वाटते. ते म्हणाले, "आम्ही चांगलं म्हणायचं, आणि उद्या पुढच्या पावसाळ्यात गळलं म्हणजे? लोक आम्हाला विचारतील." म्हणजे त्यांना वाटत होतं की मी त्यांना जामीन राहायला सांगतोय. मी मजकुराच्या शेवटी एवढंच घातलं: "पहिल्या पावसाळ्यातला अनुभव", आणि पुढे महिना व साल. मग त्यांना भविष्याची हमी द्यायची नव्हती, बघितलेलं सांगायचं होतं. काका लगेच नरमले. तारीख घातल्यानं माझी किंमत थोडी कमी होत असेल, होऊ दे. ज्याला उद्या खोटं ठरायची भीती नाही तोच आज मोकळेपणानं हो म्हणतो.

नावाचं तसंच. पूर्ण नाव, आडनाव आणि परिसर, की नुसतं "कोथरूडच्या एका काकू", असे तीन पर्याय मी आधीच लिहून पाठवले होते. मोघम "नाव घालू ना?" विचारलं तर माणूस दचकून सगळ्यालाच नाही म्हणतो. काकूंनी मधला पर्याय घेतला. घराचा फोटो नको म्हणाल्या, कारण पडदे जुने होते. तो विषय तिथेच संपवला.

शेवटी काकांमधला बँकवाला जागा झालाच. "मग पुढच्या वर्षीच्या देखभालीत काही सूट?" मी नाही म्हटलं. सूट मागणाऱ्या माणसाला, तेही आत्ताच आपली स्तुती केलेल्या, नाही म्हणताना जीभ जड होते. पण पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. शिवाय भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० नावाचं मानकच काढलंय. हे सगळं मी काकांना सांगितलं. नियम म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. नियम आहे तर इलाज नाही, या तत्त्वावर त्यांची सगळी नोकरी झाली होती.

अभिप्राय लागला. लगेच पुढचं गिऱ्हाईक आलं, बाणेरचं, आणि त्यानं पहिला प्रश्न टाकला, "त्या बादलीवाल्या काकूंशी बोलता येईल का?" छापायची परवानगी म्हणजे फोन नंबर वाटायची परवानगी नव्हे, म्हणून मी काकूंना पुन्हा विचारलं. "दुपारी चारनंतर करायला सांगा, आधी झोपलेली असते," काकू म्हणाल्या.

त्या माणसाशी काकू पाऊण तास बोलल्या. बादली सांगितली, रात्रीचं उठणं सांगितलं, आणि शेवटी हेही सांगितलं की माझ्या माणसांनी फोडलेल्या कोब्याचा राडारोडा आठवडाभर जिन्याच्या तोंडाशी ठेवला होता, त्यात त्यांची तुळस दबली. बाणेरच्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी काम पक्कं केलं. म्हणाले, "बाई खऱ्या आहेत." करारात मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती: राडारोडा रोजच्या रोज उचलणे, कुंड्यांची जबाबदारी कंत्राटदाराची.