रक्कम जमली, आता त्या आवाहनाचं काय करायचं?

उपचारासाठी केलेलं मदतीचं आवाहन पैसे जमल्यावर काढू नका, बंद झाल्याचं आणि हिशेबाचं कळवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर एका ताईंची प्रतिक्रिया:

«दादा, पैसे जमले की ती पोस्ट काढून टाकावी, एवढं साधं आहे. लेकराचा दवाखान्यातला फोटो, बापाची हलाखी, हे सगळं कायम चव्हाट्यावर कशाला? उद्या ते पोरगं कॉलेजात जाईल तेव्हा कुणीतरी नेमकं हेच शोधून काढील. आणि हिशेबाचं म्हणाल तर पाचशे रुपये देणारा माणूस देऊन विसरतो, त्याला कागद नको असतो. तुमचं हे "काढू नका, कळवा" मला तरी दिखावा वाटतं.»

ताई,

फोटोपुरतं आपलं भांडणच नाही. रक्कम पूर्ण झाली त्याच रात्री लेकराचा फोटो, दवाखान्याचा कागद आणि क्यूआर कोड हे तिन्ही काढले. मागे राहिला तो अपघाताचा मजकूर आणि खातेदाराचं नाव, आणि सगळ्यात वर "मदत पूर्ण झाली आहे, कृपया आता पैसे पाठवू नका", त्याखाली तारीख, जमलेली रक्कम आणि हिशेब कधी देणार तो दिवस. म्हणजे आवाहन बंद केलं, गायब केलं नाही. तसं का केलं ते याच प्रकरणावरून सांगतो. घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावगाव सोडून.

कुटुंब बीड जिल्ह्यातलं, ऊसतोडीला गेलेलं. ट्रॉली उलटली, अकरा वर्षांच्या पोराची मांडी मोडली आणि पोटाला मार लागून आत रक्तस्राव झाला. संभाजीनगरच्या ज्या खासगी रुग्णालयात त्याला नेलं ते महात्मा फुले योजनेच्या यादीत नव्हतं आणि त्या अवस्थेत त्याला हलवायला डॉक्टर तयार नव्हते. रुग्णालयाचा अंदाज अडीच लाखांचा. औषधं, तपासण्या, राहणं, येणंजाणं यासाठी तीस हजार धरले आणि 2,80,000 रुपयांचं आवाहन केलं. पैसे मुलाच्या मामाच्या खात्यावर. गुरुवारी रात्री आवाहन गेलं, रविवारी रात्री 2,83,500 जमले होते.

त्या क्षणी सगळं पुसून टाकलं असतं तर काय झालं असतं? पैसे थांबले नसते. बंद झाल्याचं इतकं ठळक लिहूनही पुढच्या तीन आठवड्यांत आणखी 31,750 रुपये आलेच. कारण आवाहन एका ठिकाणी राहत नाही, त्याचं चित्र फिरतं. कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो, तो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जातो, तिथून शिक्षकांच्या, तिथून पुण्यात नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांच्या. व्हॉट्सॲपवर आपण टाकलेला संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो, तोही साधारण दोन दिवसांच्या आत. पण दुसऱ्याने पुढे पाठवलेल्या प्रतीला त्याने धक्काही लागत नाही. चित्रावर तारीख नसेल तर ते सहा महिन्यांनीही कालचंच वाटतं.

फेसबुकचं उलटं आहे आणि तिथेच पुसण्याचा तोटा जास्त दिसतो. मूळ पोस्ट दुरुस्त केली की ज्यांनी ज्यांनी ती शेअर केली त्या प्रत्येकाकडे दुरुस्त झालेलीच दिसते. म्हणजे एका ठिकाणी "पूर्ण झाली" लिहिलं की ते शेकडो ठिकाणी आपोआप पोचतं. मूळ पोस्ट उडवली तर त्याच शेकडो ठिकाणी "हे आता उपलब्ध नाही" अशा अर्थाची पाटी उरते. ज्या मुख्याध्यापकांनी आपल्या नावावर, आपल्या शब्दावर ते पुढे पाठवलं, त्यांना लोक विचारतात, "सर, ते काय झालं हो?" आणि त्यांच्याकडे उत्तर नसतं. पैसे खाल्ल्याचा संशय आधी मधल्या माणसावर येतो, मग त्या कुटुंबावर.

म्हणून बंद करताना पोस्टइतकंच लक्ष चित्राकडे द्यावं लागतं. आम्ही जुन्याच चित्रावर, लेकराचा चेहरा आणि कोड झाकून, आडवी पट्टी टाकली: "पूर्ण", आणि तारीख. ते ज्या ज्या ग्रुपवर पहिलं चित्र टाकलं होतं तिथे पाठवलं आणि ज्यांनी ते पुढे ढकललं होतं त्यांना स्वतंत्रपणे विनंती केली की जिथे जिथे पाठवलं तिथे हेही पाठवा. सगळीकडे पोचत नाही. पण नवं चित्र पाहिलेला एक जरी माणूस ग्रुपवर असला तरी तो जुनं चित्र टाकणाऱ्याला थांबवतो.

यूपीआय आयडी बंद करायचा मार्ग इथे नव्हता. मामाचे रोजचे व्यवहार त्याच नंबरवर. जमेल तिथे आवाहनासाठी वेगळी आयडी घ्यावी. काम झाल्यावर ॲपमधून ती काढली की जुना कोड स्कॅन करूनही पैसे जात नाहीत. खातेक्रमांक आणि आयएफएससी छापला असेल तर मात्र तो दरवाजा उघडाच राहतो.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते. लेकराचं जुनं चित्र घेऊन त्यावर स्वतःचा कोड चिकटवायला भामट्याला पाच मिनिटं पुरतात. मूळ आवाहन जागेवर असेल आणि त्यावर "बंद" लिहिलेलं असेल तर शंका आलेला माणूस ते उघडून ताडून बघू शकतो. मूळच नसेल तर ताडायचं कशाशी? कोड स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं, ते आवाहनातल्या खातेदाराच्या नावाशी जुळलं पाहिजे. पण आवाहनातलं नावच कुठे शिल्लक नसेल तर ही तपासणीही गेली. म्हणून खातेदाराचं नाव मी बंद झालेल्या आवाहनातही ठेवतो, नंबर काढून. ते नाव मामाचं असतं, लेकराचं नव्हे.

उशिरा आलेल्या 31,750 रुपयांचं काय केलं हेही सांगतो, कारण गुपचूप पुसणारे बरेचदा इथेच अडकतात. हे पैसे ज्या कामासाठी मागितले होते ते काम तोवर भागलं होतं. ते ठेवायचे की परत द्यायचे हे ठरवणारे आपण कोण? मामाने बँकेचं विवरण काढलं. यूपीआयने आलेल्या प्रत्येक रकमेपुढे बारा अंकी व्यवहार क्रमांक आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं. त्यावरून ज्यांच्यापर्यंत पोचता आलं त्यांना विचारलं: परत हवेत की मुलाच्या पुढच्या उपचाराला ठेवू? काहींनी परत मागितले, ते 9,000 झाले. विशेष म्हणजे ज्यांनी मागितले त्यांच्यातले बहुतेक दुसऱ्या एका पेशंटला देणार होते.

परत करताना एक पथ्य पाळायचं. पैसे ज्या आयडीवरून किंवा खात्यावरून आले, तिथेच परत. "चुकून पाच हजार गेले, या दुसऱ्या नंबरवर टाका" म्हणत स्क्रीनशॉट पाठवणारे येतातच, आणि तो स्क्रीनशॉट खोटा असू शकतो. विवरणात नोंद दिसली तरच रक्कम आली असं समजायचं.

अंतिम हिशेब असा झाला. एकूण जमा 3,15,250. रुग्णालयाचं बिल 2,46,300, बाहेरची औषधं आणि तपासण्या 21,850, राहणं आणि प्रवास 14,600, मिळून 2,82,750. उरले 32,500. त्यातले 9,000 परत गेले आणि 23,500 मामाच्या खात्यावर आहेत, कारण मांडीच्या हाडात घातलेल्या टायटॅनियमच्या सळया हाड जुळल्यावर काढायच्या आहेत आणि ती छोटी का होईना, दुसरी शस्त्रक्रियाच आहे.

आता तुमचा देऊन विसरणारा माणूस. तो असतो, आणि तो मोठ्या मनाचा असतो. पण आपल्याकडे सप्ताहाला अकरा रुपये देणाराही काल्याच्या दिवशी जमाखर्च वाचला जाताना मांडी घालून ऐकत बसतो. तो संशयाने बसत नाही. आपले अकरा रुपये कुठल्या पंगतीला लागले हे ऐकायला त्याला बरं वाटतं. हिशेब वाचला गेला नाही तर तो भांडत नाही, पुढच्या वर्षी फक्त कमी देतो.

दिखावा होऊ नये याची काळजी मात्र घ्यावी लागते, तिथे तुमचं खरं आहे. देणगीदारांची नावानिशी यादी आम्ही लावली नाही. कुणी 51 दिले, कुणी 5,000. ती उतरंड गावभर कशाला दाखवायची? यादीत फक्त तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक होते. ज्याला आपली नोंद बघायची तो आपल्या फोनवरचा क्रमांक ताडून बघतो, बाकीच्यांना काही कळत नाही. बिलावर पोराचं नाव आणि आजाराचा तपशील झाकला. तब्येतीबद्दल एकच ओळ लिहिली: घरी आला आहे, कुबडीवर चालतो. दात्याला एवढं कळणं पुरे. रोज नवा फोटो टाकणं हा मला पोराला दुसऱ्यांदा ट्रॉलीखाली घालण्यासारखा प्रकार वाटतो.

एक प्रसंग आमच्यावर आला नाही, पण दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलाय. पेशंट वाचत नाही. घरच्यांची स्थिती नसते आणि आवाहन कुणीतरी मूकपणे काढून टाकतं. मग आठवडाभराने कुणीतरी घरी फोन करून विचारतं, "कसं आहे आता पोरगं?" हा फोन त्या आईला येऊ नये म्हणून तरी कळवावं: गेल्याची एक ओळ, आवाहन बंद, पैसे पाठवू नका, उरलेल्या रकमेचं महिन्याभरात सांगतो. हे काम घरच्यांचं नाही, आवाहन करणाऱ्याचं आहे.

आणखी एक कोरडी गोष्ट, थोडक्यात. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून जास्त मिळाले तर आयकर कायद्यानुसार ते उत्पन्नात धरले जाऊ शकतात. मामाला कुणी विचारलं की हे तीन लाख कसले, तर आवाहनाचा मजकूर, रुग्णालयाचं अंदाजपत्रक, बिलं आणि विवरण हेच त्याचं म्हणणं. म्हणून लोकांसमोरून फोटो निघाला तरी मूळ आवाहनाची पूर्ण प्रत मामाच्या फाइलीत आहे.

कॉलेजचं तुम्ही लिहिलंत ते मात्र डोक्यात राहिलं. त्यावर मामाशी बोललो. सळया निघाल्या आणि त्या 23,500 चा हिशेब लागला की अपघाताचं वर्णन, जिल्हा, वय, मामाचं नाव हे सगळं काढायचं, असं ठरलं. तेव्हा उरेल ती आवाहनाची तारीख, जमा, खर्च, परत आणि "बंद". तेवढ्यावरून त्या पोराला कुणी ओळखू शकेल असं वाटत असेल तर सांगा, ज्या ओळीची अडचण वाटेल तीही बघू.