सासूबाई, तेवढी पळी नको

बांगड्याची आमटी अवघड नाही. नारळ, मिरची, सोलं, तिरफळं आणि बांगडे, एवढंच तिचं सामान. अवघड असते ती आमटीभोवती जमलेली माणसं. एकाने झाकण काढून बघायचं, दुसऱ्याने वास घ्यायचा आणि तिसऱ्याने 'खाली लागत नाही ना' म्हणत पळी घालून टोप तळापासून ढवळायचा. त्यानंतर ताटात येतो तो बांगडा नसतो, काट्यांसकट पिठलं असतं.

घरच्या बाकीच्यांना ओरडता येतं. बायकोला डोळ्यांनी सांगता येतं. पण पळी सासूबाईंच्या हातात असली तर जावयाने काय करावं?

माझी सासुरवाडी सांगलीकडची. तिथे रस्सा म्हणजे मटणाचा, आणि तो जितका रटरटेल तितका चांगला. सासूबाई त्यात पटाईत. दुपारी चुलीवर चढवलेलं पातेलं त्या संध्याकाळपर्यंत उतरू देत नाहीत, आणि सगळा वेळ त्यांची पळी चालू असते. त्यांचा हा अनुभव खोटा नाही, फक्त तो बोकडाचा आहे. पावसाळी बंदी उठून बाजारात ताजे बांगडे आले आणि नेमके त्याच आठवड्यात सासूसासरे डोंबिवलीला आमच्याकडे आले. "जावईबापू, एकदा तुमच्या कोकणातलं कालवण खायला घाला," असं सासऱ्यांनी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

मी आधी मालवणला आत्याला फोन लावला. बांगड्याबद्दल तिला काही विचारायचं नव्हतं, सासूबाईंबद्दल विचारायचं होतं.

"सासूक कायतरी काम दी," आत्या म्हणाली. "आणि बांगडो टोपात पडलो की कोणाक आत येव देव नको."

बाजारात मासेवाल्या मावशींकडून ४ बांगडे घेतले. कल्ले उघडून लाल आहेत ते पाहिलं, अंग दाबून घट्ट आहे ते पाहिलं आणि मुख्य म्हणजे पोट पाहिलं. पोट फुटलेला बांगडा घरी आणलात तर पळीला दोष देऊ नका. तो टोपात जाण्याआधीच सुटायला लागलेला असतो. मावशींनी एकेकाचे तीन तुकडे केले: डोकं, मधला आणि शेपटीचा. घरी येऊन त्यांना मीठ, हळद आणि चमचाभर आगळ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं. मिठाने आणि आंबटाने वरचं मांस जरा आवळून येतं आणि तुकडा पुढे शिजताना अंग धरून राहतो.

आता वाटप. अर्ध्या नारळाचं खोबरं, भिजवलेल्या ८ बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, चार-पाच मिरी, अर्धा छोटा कांदा आणि हळद. हे सगळं बोटाला खसखशीएवढा कणही लागू नये इतकं बारीक वाटायचं. सासूबाईंनी आत्याचा सल्ला माझ्या नकळत अमलात आणला आणि वाटपाचं काम स्वतःच अंगावर घेतलं. वाटताना त्यांनी विचारलं, "चिंच नाही घालायची? आमच्या शेजारणीची कोकणातली सून घालते."

प्रश्न बरोबर होता. चिंच घालणारी घरंही खूप आहेत. ती खोबऱ्याबरोबर वाटली जाते, मग रस्सा जरा दाट आणि गोडसर आंबट होतो. पण बांगडा तेलकट मासा, त्याला सोलं आणि तिरफळांची जोडी लागते, असं आमच्या घरी मानतात. यावर आमच्या घरी कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही, कारण आत्या समोर असते.

तिरफळं ८ घेतली. आतली काळी बी काढून टाकली आणि टरफलं नुसती ठेचली. ती वाटपात घालून वाटायची नाहीत. वाटली की सगळा रस्सा कडवट आणि जिभेला मुंग्या आणणारा होतो. ठेचून सोडली की वास देतात आणि आपल्या जागी राहतात. ती खायची नाहीत हे सासऱ्यांना आधी सांगायला हवं होतं खरं, पण ते पुढे त्यांचं त्यांना कळलं.

टोप पसरट घेतला. तुकडे एका थरात, एकमेकांवर न चढता बसले पाहिजेत. उभट पातेल्यात खालचा तुकडा वरच्यांच्या वजनाने दबतो आणि तो बघायला कुणीतरी पळी घालतंच. वाटप, मिक्सरचं भांडं धुतलेलं पाणी, आणखी थोडं पाणी आणि तिरफळं असं सगळं आचेवर ठेवलं. कढ आला की आच मध्यम करून आठ-दहा मिनिटं उकळू दिलं. या वेळात सासूबाईंना मी मुद्दाम पळी दिली. होय, दिली! कारण मासा अजून बाहेर होता. मिरचीचा आणि कांद्याचा कच्चा वास जाईपर्यंत या रश्शाला ढवळून घेण्यात काही वाईट नाही, उलट खोबरं तळाला बसत नाही. फक्त फार जोरात खळखळू द्यायचं नाही, नाहीतर नारळ फुटतो. तेल वर आणि चोथा खाली. सासूबाई मनसोक्त ढवळत होत्या. घरात शांतता होती.

मग ६ सोलं टाकली आणि मीठ घातलं. सासूबाईंनी चव घेतली. "मीठ कमी आहे."

"दोन मिनिटं थांबा," मी म्हटलं.

सोलं वाळवताना मीठ लावलेलं असतं आणि ते हळूहळू रश्शात उतरतं, प्रत्येक सोलाचं कमीजास्त. दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा चव घेतली आणि काही बोलल्या नाहीत. सासूबाई काही बोलत नाहीत, तेव्हा मीठ बरोबर आहे असं समजायचं.

या क्षणी सगळा निकाल लागलेला असतो. तिखट, मीठ, आंबट, दाटपणा, जे काय करायचं ते मासा जाण्याआधी. मी रस्सा हवा त्यापेक्षा जरा दाटच ठेवला होता, कारण बांगडा आपलं पाणी सोडतो. त्यानंतर ज्याला कमी-जास्त करायचं असेल त्याने आपल्या ताटात करावं.

"आता मासे सोडतो," मी जाहीर केलं आणि पळी सिंकमध्ये टाकली. नुसती ठेवली नाही, साबणाच्या पाण्यात बुडवली.

डोकी आधी, कारण ती जाड. मिनिटभराने बाकीचे तुकडे, एकेक करून, रश्शात अलगद. थंड मासा पडला की उकळी थांबते. ही घाबरण्याची जागा नाही, पण सासूबाई घाबरल्या. "विझला की काय गॅस?" म्हणून त्यांनी आच मोठी करायला हात पुढे केला. मी तो हात वाटेत अडवून त्यात कोथिंबिरीची जुडी दिली.

कडेला बारीक बुडबुडे परत आले की आच मंद. मग सहा-सात मिनिटं. सासूबाईंनी कोथिंबीर निवडून आणली तेव्हा तीन झाली होती.

"एवढ्यात कसं शिजंल हो? जरा रटरटू दे की."

इथे मला मटणाचं मन न दुखवता बांगड्याची बाजू मांडायची होती. बोकड आयुष्यभर चार पायांवर वजन घेऊन हिंडतो. त्याच्या मांसाचे तंतू लांब आणि त्यांना बांधणारे पडदे चिवट. ते मऊ व्हायला तासन्‌तास लागतात, म्हणून तुमचं रटरटणं योग्यच. मासा पाण्यात असतो, त्याचं वजन पाणीच पेलतं. त्याचं मांस आखूड तंतूंच्या थरांचं, आणि दोन थरांमधला पडदा इतका नाजूक की पाणी उकळायच्या कितीतरी आधी विरघळून जातो. शिजलेला मासा बोट लावताच पाकळ्यांत सुटतो तो याच्यामुळे. म्हणजे शिजला त्या क्षणी त्याला धरून ठेवणारं फारसं काही उरलेलं नसतं. त्यावर तुम्ही रटरट उकळलंत तर बुडबुडेच त्याला फोडतात, पळीचीही गरज नाही.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण खाली लागलं तर?"

त्याचंही उत्तर होतं. फडक्याने टोपाचे दोन्ही कान धरले आणि टोपच हलक्या हाताने गोल फिरवला. रस्सा फिरतो, तुकडे त्याच्याबरोबर सरकतात, तळ मोकळा होतो. आमच्याकडे माशाची आमटी ढवळतात ती अशी. सासूबाईंनी हे पाहिलं आणि माझ्या हातातून फडकं घेतलं. ज्या सराईतपणे त्यांनी टोप फिरवला ते बघून मला वाटलं, आत्याला हे सांगू नये.

सहाव्या मिनिटाला डोक्याकडे पाहिलं. डोळा पांढराशुभ्र झाला होता. मधल्या तुकड्याच्या कण्याजवळ सुरीचं टोक घातलं. मांस काट्यापासून सुटत होतं आणि आत कुठे काचेसारखं दिसत नव्हतं. गॅस बंद. गरम रश्शात मासा पुढेही शिजत राहतो, म्हणून अगदी पूर्ण होण्याच्या किंचित आधी थांबलेलं बरं. झाकण अर्धवट ठेवून दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही, अगदी मीसुद्धा. वाढताना पळी नको, पसरट उलथनं. तुकड्याखालून घालायचं आणि रस्सा मागून वेगळा वाढायचा.

बाराही तुकडे अखंड निघाले. सासऱ्यांना एक तिरफळ मिळालं, ते त्यांनी चावलं, आणि पुढचा थोडा वेळ ते कुणाशी काही बोलले नाहीत. मग दोनदा भात घेतला.

रात्री उरलेल्या आमटीवरून पुन्हा प्रसंग आला. ही आमटी दुसऱ्या दिवशी आणखी चांगली लागते, पण गरम करताना तेच संकट. मी तुकडे आधीच काढून वेगळ्या डब्यात ठेवले होते. सकाळी रस्सा गरम करायचा आणि तुकडे शेवटी त्यात सोडून गॅस बंद करायचा. सासूबाईंनी फ्रिज उघडून दोन्ही डबे पाहिले.

"एका माशाचे एवढे लाड," त्या म्हणाल्या. "उद्या मटण मी करते. आणि तुम्ही, जावईबापू, पळी घेऊन माझ्या शेजारी उभं राहायचं. मी थांबा म्हणेपर्यंत ढवळायचं."