आकृतीविना डॉप्लर: ७२० की ७२२.५?

मूळ पोस्टमध्ये मी डॉप्लर परिणामाचं, म्हणजे आवाज करणारी वस्तू किंवा ऐकणारा हलत असला की सूर बदलतो त्याचं, एक गणित सोडवलं होतं: रेल्वेगाडी हॉर्न वाजवत माणसाजवळून जाते, येताना आणि जाताना ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सींवरून हॉर्नची मूळ फ्रिक्वेन्सी काढायची.

त्यावर आलेली प्रतिक्रिया: "गणितातली आकृतीच गायब आहे, गाडीचा वेग त्यात होता. तरी तुम्ही हॉर्नची मूळ फ्रिक्वेन्सी ७२० काढली, म्हणजे अंदाजच झाला ना? ७६५ आणि ६८० ची सरासरी तर ७२२.५ येते."

उत्तर: नाही, अंदाज नाही, आणि ७२२.५ इथे चालत नाही, त्याचं कारण नीट सांगतो कारण सगळी मजा तिथेच आहे. आकृती नसली तरी गणिताच्या मजकुरात दोन गोष्टी आहेत: माणूस उभा आहे आणि गाडी जवळ येताना ७६५ हर्ट्झ, लांब जाताना ६८० हर्ट्झ ऐकू येतात. एवढं पुरतं.

आता हॉर्नच्या दोन लागोपाठच्या कंपनांचा विचार करा. पहिलं निघालं, दुसरं निघेपर्यंत गाडी थोडी पुढे सरकली, म्हणजे दुसऱ्याला तेवढं अंतर कमी कापायचंय, म्हणून ते जरा लवकर पोचतं. लांब जाताना बरोबर तेवढंच अंतर जास्त, तेवढाच उशीर. म्हणजे सारखं वाढतं-घटतं ते दोन कंपनांमधला वेळ, फ्रिक्वेन्सी नाही! म्हणून सरासरी वेळेची घ्यायची: ७६५ ला वेळ १.३०७ मिलिसेकंद, ६८० ला १.४७१, मधली १.३८९, आणि ती उलटी केली की ७२०. यात गाडीचा वेग लागत नाही, आवाजाचाही नाही.

वेग हवा असेल तर दोन फ्रिक्वेन्सींचा फरक भागिले बेरीज, ८५/१४४५, म्हणजे १/१७. गाडी आवाजाच्या वेगाच्या सतराव्या भागाने चाललीय, आवाज ३४० मीटर प्रति सेकंद धरला तर २०. हा ३४० मात्र मी बाहेरून आणलाय, हवा २० अंश असेल तर साधारण ३४३ धरावा लागेल आणि गाडी २०.२ होईल, पण ७२० तसंच राहील.

तुमचं ७२२.५ कधी बरोबर ठरलं असतं? हॉर्न जागेवर आणि ऐकणारा चालत असता तर. तेव्हा कंपनं हवेत सारख्या अंतरावर असतात आणि ऐकणारा दर सेकंदाला काही जास्त किंवा तेवढीच कमी गाठतो, म्हणून फ्रिक्वेन्सीची साधी सरासरी चालते. गंमत म्हणजे वेग तेव्हाही सतरावा भागच येतो, त्यामुळे चूक वेगावरून पकडता येत नाही. आकृती नसताना खरं विचारायचं ते हे, की हलतंय कोण. ते मजकुरात नसतं तर तुमचा आक्षेप मी मान्यच केला असता, आणि एकच फ्रिक्वेन्सी दिली असती तरीही.

एक अट मात्र मूळ पोस्टमध्ये लिहायची राहिली, ती माझी चूक: दोन्ही आकडे गाडी बरीच लांब असतानाचे हवेत. माणूस रुळापासून बाजूला उभा असतो, गाडी समोरून जाताना सूर हळूहळू उतरतो, त्या मधल्या वेळेचे आकडे घेतले तर दोन्ही ७२० च्या जवळ सरकतात आणि वेग खोटाच कमी येतो.