31 मे. फुलस्टॉप.

आमचे सर मेसेजमध्ये शक्यतो क्रियापद वापरत नाहीत. धरमपेठेतलं सीएचं छोटंसं ऑफिस, सर पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिसमध्ये, आणि त्यांचं उत्तर एका शब्दाचं असतं, फार तर दोन. वर फुलस्टॉप. तो फुलस्टॉप जो आहे ना, तो माणसाचा बीपी वाढवतो. "हो" आलं तर आपण कामाला लागतो, पण "हो." आलं की पाणी पिऊन येतो.

आता 2024 च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. नागपूरचा मे म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही. कूलर नुसता आवाज करत होता, आणि मी एका इंटेरियर कॉन्ट्रॅक्टरचं रिटर्न घेऊन बसलो होतो. त्याने वर्षभर एका कंपनीचं काम केलं, 18 लाखांची बिलं. कॉन्ट्रॅक्टर एकटा माणूस असला की कंपनी 1 टक्का टीडीएस कापते, बिलातूनच टॅक्स आधी कापून सरकारकडे भरते, म्हणजे त्याच्या नावावर 18,000 जमा दिसायला पाहिजेत. 26 एएस उघडलं तर 11,500. (26 एएस म्हणजे तुमच्या नावावर सरकारकडे किती टॅक्स जमा आहे त्याचं पासबुक समजा.) 6,500 गायब. आणि क्लायंट रोज फोन करून "भाऊ माझा रिफंड कुठी अडकला" विचारून राहिला.

म्हणून मी सरांना मेसेज टाकला. आधी नमस्कार सर, मग डिस्टर्ब करतोय त्याबद्दल सॉरी, मग क्लायंटचा इतिहास, मग आकडे, मग मला काय वाटतं ते, मग मला काय वाटत नाही ते, शेवटी हात जोडलेले इमोजी. मोबाईलवर "रीड मोअर" दाबावं लागेल एवढा लांब मेसेज. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"31 मे."

बस. एवढंच. बाजूला आर्टिकलशिप, म्हणजे सीएची ट्रेनिंग, करणारा पोरगा बसतो, त्याने मान लांब करून वाचलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "दादा, 31 मे ले तुमाले काढून तर नाही राहिले ना सर?"

आता हसू येतं, पण त्या क्षणी माझ्याही डोक्यात नोटीस पीरियडचा हिशोब सुरू झालाच होता. असं होतंच माणसाचं. समोरच्याचा आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही, मग ती रिकामी जागा आपण आपल्याच भीतीने भरतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये यावर एक अभ्यास छापला होता. ईमेलमधलं वाक्य टोमणा आहे की मनापासून लिहिलंय हे वाचणाऱ्याला कळेल का, असं लिहिणाऱ्यांना विचारलं तर त्यांचा अंदाज होता 78 टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात कळलं 56 टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच आलं असतं. म्हणजे सरांना वाटतं आपण व्यवस्थित उत्तर दिलं, आणि इकडे आम्ही नाणं उडवून बसलोय, सर तापले की नाही तापले.

तर मी त्या पोराला म्हटलं, थांब, आधी सर बाकीच्यांना काय लिहितात ते पाहू. ऑफिसचा ग्रुप वर सरकवत गेलो. दिवाळीला आम्ही सगळ्यांनी पणत्या, रांगोळ्या, चार ओळींच्या शुभेच्छा टाकल्या, त्याखाली सर: "तुम्हालाही." कोणाला मुलगी झाली: "छान." क्लायंटच्या घरचं लग्नाचं आमंत्रण: "येतो." आणि कळस म्हणजे त्यांची स्वतःची पोरगी सीए झाली, पहिल्या अटेम्प्टमध्ये, तेव्हा या माणसाने ग्रुपवर लिहिलं होतं "पास." फुलस्टॉपसकट. ज्या माणसाचा आनंद एवढाच मोठा असतो त्याचं "31 मे." हे राग कसं धरायचं?

त्याच आठवड्यात, 30 मे ला, रामदासपेठेतल्या हवामानाच्या ऑटोमॅटिक केंद्राने 56 डिग्री दाखवलं होतं, आठवते का? फॉरवर्ड फिरले, नागपूरने रेकॉर्ड तोडला म्हणून देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. जिथे मशीन धड होतं तिथे 44 च्या आसपासच होतं. आर्टिकलच्या पोराचा सेन्सर तसा आहे. 44 ला 56 दाखवतो. अर्थात 44 पण काही थंड नसते, पण ते आपल्याकडचं रोजचं आहे ना बावा.

राग नाही हे ठरलं की मग मेसेज वाचता येतो, कारण तोपर्यंत आपण मेसेज वाचतच नसतो, सरांचा मूड वाचत असतो. मी विचारलं होतं 6,500 का दिसत नाहीत. उत्तर आली एक तारीख. म्हणजे कोणाची तरी ड्यू डेट असणार. कोणाची? तर टीडीएस कापणाऱ्याने दर तीन महिन्यांनी रिटर्न भरायचं असतं, आणि जानेवारी ते मार्चच्या रिटर्नची शेवटची तारीख असते 31 मे. कंपनीने पैसे कापले असतील, सरकारकडे भरलेही असतील, पण ते कोणाच्या पॅनवर टाकायचे हे त्या रिटर्नमध्ये सांगितल्याशिवाय 26 एएस मध्ये दिसत नाही. मी बिलं काढली. फेब्रुवारी आणि मार्चची बिलं मिळून साडेसहा लाख. त्याचा 1 टक्का, 6,500. रुपया इकडे नाही की तिकडे नाही! सरांनी माझ्या रीड मोअरवाल्या निबंधाचं पूर्ण उत्तर एका तारखेत दिलं होतं. उरलेलं तुला येतं, असं त्यांनी धरून चाललं होतं. म्हटलं तर हे कौतुकच झालं. (हे वाक्य मी घरी दोनदा सांगितलं, बायको म्हणाली पगारात दिसू दे.)

आणि मे एंडला सर स्वतः पन्नास क्लायंटच्या टीडीएस रिटर्नच्या मागे, सिव्हिल लाइन्सला आयकर भवनाच्या जिन्यात उभे, चष्मा कपाळावर, एका बोटाने टाईप करून राहिले. त्या माणसाकडून "अरे बाळा, काळजी करू नकोस" कुठून येणार.

आता उत्तर काय द्यायचं. पोरगा म्हणाला आधी माफी मागून टाका. बहुतेक लोक हेच करतात, "सॉरी सर, एवढ्या छोट्या गोष्टीसाठी त्रास दिला, पुन्हा असं होणार नाही". यात गंमत अशी की रागावलेले नसलेले सर हे वाचून खरंच वैतागतात, कारण आता त्यांना एका बोटाने "रागावलो नाही" टाईप करावं लागतं, आणि एवढं करून आपल्याला मुद्दा समजला की नाही हे त्यांना कळलेलंच नसतं.

दुसरं टोक या पोरानेच आधी करून पाहिलेलं. सरांनी त्याला विचारलं, "बॅलन्स शीट?" याने सरांच्याच स्टाईलमध्ये ठोकलं, "उद्या." पाच मिनिटांत सर टेबलाशी हजर. "उद्या किती वाजता मिळेल, साहेब?" आमच्याकडे सर पोराला साहेब म्हणाले की समजायचं आता खरं तापलं. लहान उत्तर द्यायचं म्हणजे सरांची कॉपी मारायची नाही. त्यांच्या एका शब्दात पूर्ण उत्तर असतं, याच्या एका शब्दात अर्धंच होतं. "उद्या 11 पर्यंत देतो सर" लिहिलं असतं तर चार शब्द जास्त गेले असते आणि सर खुर्चीवरून उठले नसते. आणि तो "सर" गाळायचा नाही. वरच्याला अर्धा शब्द चालतो, खालच्याला चालत नाही, आता हे योग्य की अयोग्य त्यावर चर्चा तर्री पोह्यांच्या ठेल्यावर करू, ऑफिसात नाही.

मी लिहिलं: "समजलं सर. लास्ट क्वार्टरचेच 6,500 आहेत. जूनमध्ये 26 एएस परत बघतो, तोवर रिटर्न थांबवतो." काय समजलं ते, काय करणार ते, केव्हा करणार ते. थँक्यू नाही, इमोजी नाही. ब्लू टिक आली आणि पुढे काहीच नाही. "पाहा, उत्तरपण नाही दिलं," पोरगा म्हणाला. अरे, उत्तर द्यायला काही ठेवलंच नाही ना, तेच तर पाहिजे होतं!

समजलंच नसतं तर? तर "म्हणजे काय सर" हे कधीच विचारायचं नाही, त्याला निबंध लागतो आणि निबंध काही येत नाही. "31 मे म्हणजे कंपनीचं टीडीएस रिटर्न का सर?" असं विचारायचं. हो किंवा नाही एवढंच टाईप करावं लागेल असा प्रश्न सरांना फार आवडतो.

क्लायंटला मात्र मी हा हिशोब लावला नाही. त्याला "जूनमध्ये." एवढंच पाठवलं असतं तर तो संध्याकाळी मिठाईचा डबा घेऊन काही चुकलं का विचारायला आला असता. त्याला फोन केला, कंपनी केव्हा काय भरते ते सांगितलं, त्याच्या पोराच्या बारावीच्या टक्क्यांबद्दल पण बोललो.

जूनच्या मध्यावर 26 एएस उघडलं. 4,000 आले होते, 2,500 नाही. मार्चचं अडीच लाखांचं बिल, त्यात कंपनीने पॅनचा एक आकडा चुकवला होता. सरांना टाकलं: "सर, 6,500 पैकी 4,000 आले. 2,500 चुकीच्या पॅनवर गेले. कंपनीकडे करेक्शन मागू?" उत्तर: "माग." कंपनीच्या अकाउंट्सला मी दोन ओळींचा मेल केला, बिल नंबर आणि बरोबर पॅन.

त्यांचं उत्तर आलं दीड पानांचं. "सर्वप्रथम आपणांस नम्रपणे निदर्शनास आणून देऊ इच्छितो की" इथून सुरुवात, मध्ये "आपल्यासारख्या अनुभवी व्यावसायिकांकडून अपेक्षित नव्हते", शेवटी "आपला विश्वासू". आर्टिकलचा पोरगा एकदम खुश, म्हणे पाहा दादा, किती प्रेमानं लिहून राहिले, नाहीतर आपले सर. मी प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, कागद परत दिला.

"चिडला. फोन कर."