‘हो.’ आणि ‘Hooo!!’

‘चॅटमध्ये sooo, hooo असे शब्द ताणून लिहिणारे मनात नसलेलं बोलत असतात. कॅपिटल अक्षरं म्हणजे अंगावर ओरडणं. एकाहून जास्त उद्गारचिन्हं हे उथळ मनाचं लक्षण. अशा सवयींनी आपली मराठी बिघडते आहे. सुसंस्कृत माणूस साधं वाक्य लिहितो आणि पूर्णविराम देतो.’

हे आधी आत्याच्या फोनवर आलं आणि तिथून घरच्या ग्रुपवर. एरवी सोडून दिलं असतं, पण यावरून दोन दिवस अबोला झाला. आत्याने वहिनीला विचारलं होतं, रविवारी येताय ना? वहिनीने लिहिलं, ‘Hooo, yetoy!!’ आत्याने वरचं ज्ञान नुकतंच वाचलेलं. तिने ठरवून टाकलं, हिला यायचं नाहीये, नुसती लाडीगोडी आहे. तसं बोलूनही दाखवलं. मग ‘किती वाजता?’ याला वहिनीने ‘11.’ एवढंच उत्तर दिलं, तर आत्या म्हणाली, बघा, रुसली!

म्हणजे आत्याच्या कानाला खरी गोष्ट कळत होती, फॉरवर्डला नव्हती. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन यांच्या गटाने १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. कुणीतरी आमंत्रण देतं, समोरून एका शब्दाचा होकार येतो. कधी पूर्णविरामासह, कधी त्याशिवाय. मोबाइलवरच्या मेसेजात पूर्णविराम असलेला होकार कमी मनापासूनचा वाटला. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं, तेव्हा मात्र फरक पडला नाही. कारण उघड आहे. चॅटमध्ये मेसेज पाठवला की वाक्य संपतंच, त्यामुळे वर दिलेला टिंब काहीतरी जास्तीचं सांगतो. ते विद्यार्थी अमेरिकन, आमची आत्या सांगलीची, हे मान्य. तरी ‘11.’ वाचून तिचा चेहरा पडला तो याच कारणाने.

ताणलेल्या शब्दाचं उलट आहे. ‘ho’ लिहायला दोन अक्षरं पुरतात. बोट o वर रेंगाळलं म्हणजे माणसाने थोडे जास्त कष्ट घेतले, आणि वाचणाऱ्याला ते दिसतात. हे नुसतं उच्चाराचं अनुकरणही नाही. ‘pleaseeee’ मधला शेवटचा e मुळात उच्चारलाच जात नाही, तरी पोरं तोच ताणतात आणि लाडिक सूर पोचतो. एक मात्र कबूल करतो: ‘वाऽऽऽ, फारच लवकर आलास’ यात टोमणा असतो. पण तो कळतो समोरचा तासभर उशिरा आलेला असतो म्हणून. वहिनी दर रविवारी येते, आणि तिचा प्रत्येक होकार hooo असाच असतो.

मराठी बिघडण्याचं तर बोलूच नका. लांबून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर तीन मात्रांपर्यंत लांबवावा, असं पाणिनीचं सूत्रच आहे, ‘दूराद्धूते च’. त्याला प्लुत म्हणतात आणि लिहिताना स्वरापुढे ३ चा आकडा घालतात: ‘देवदत्त३’. मराठी पुस्तकांत तेच काम ‘अगंऽऽ’ मधला अवग्रह करतो. फोनवर तो शोधत बसावा लागतो, आणि ओकाराची मात्रा दोनतीनदा दाबली तर बऱ्याच फोनांवर मध्येच ठिपक्यांची वर्तुळं उमटतात. मग माणूस सरळ रोमनमध्ये hooo लिहितो. आणि रोमन मराठीत ‘paani’, ‘baai’ यांतले दोन a हे निव्वळ स्पेलिंग असतं; सूर कळायला तिसरा a यावा लागतो.

उद्गारचिन्हांबद्दल एवढंच, की ते चिन्ह आणि तो लाडका पूर्णविराम दोन्ही इंग्रजीकडूनच आपल्याकडे आले. एक शुद्ध आणि दुसरं उथळ, हे कुणी ठरवलं?

आता कॅपिटल. अर्धं खरं आहे. ‘mi NAHI yenar’ मध्ये एकच शब्द मोठा झाला की तो आपटून येतो. पण आपटतो तो आजूबाजूच्या छोट्या अक्षरांमुळे. सगळा मेसेजच कॅपिटलमध्ये असेल, तर आधी त्या माणसाचे जुने मेसेज वर सरकवून बघा. तिथेही कॅपिटलच असतील, तर तो राग नसून सवय आहे. फॉर्म कॅपिटलमध्ये भरण्यात ज्यांची नोकरीतली वर्षं गेली, त्यांच्यात ती हमखास सापडते. देवनागरीत तर लहानमोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे हा नियम तिथे लागूच होत नाही. आणि काही जण ण साठी N, ळ साठी L वापरतात. ‘BaaL’ म्हणजे बाळ, आरडाओरडा नव्हे.

हा फॉरवर्ड ज्या आत्याने पाठवला, ती गेली आठ वर्षं ‘KASHI AHES. JEVLIS KA.’ असंच लिहिते. तिला मी हे वाचून दाखवलं. शनिवारी वहिनीने परत ‘Hooo aatya, nakkiii!!’ पाठवलं. उत्तर आलं: ‘BARA. PURANPOLI KARTE.’