पाकीट धरणारा माणूस

रविवारी दुपारी मी माझ्याच घरात, माझ्याच खिडकीखाली, लाइट बिलाचं रिकामं पाकीट दोन्ही हातांनी धरून उभा होतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका खिडकीच्या वर भोक पाडत होते आणि सिमेंटचा भुगा त्या पाकिटात पडत होता. साडेसहा हजारांचं नवंकोरं ड्रिल सोफ्यावर पडून हे बघत होतं.

सुरुवात पडद्याच्या दांडीपासून झाली. बायको म्हणाली, कोणाला तरी बोलाव. मी म्हणालो, मशीन घेतो. मग तीन आठवडे रोज लोकलमध्ये टॉर्क वाचला. अमक्याचा 30 न्यूटन-मीटर, तमक्याचा 55. खोक्यावरचा हा आकडा मजबूत, न दबणाऱ्या जोडावर मोजलेला असतो. लाकडासारख्या मऊ जोडावर तो निम्म्याच्या आसपास येतो. पण हे बारीक अक्षरात असतं, आणि चष्मा घरी राहिला होता.

नागदेवी स्ट्रीटला तर 18 आणि 20 व्होल्टवरून मी दुकानदाराशी पाऊण तास वाद घातला. मला वीसच हवं होतं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "साहेब, दोन्हीत पाचच सेल. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या मोजलं की वीस, चालताना मोजलं की अठरा." एकाच चहाला कटिंग म्हणा नाहीतर फुल, असला हा धंदा! वर म्हणाला, "ब्रँड आजच ठरवा. याची बॅटरी त्याला बसत नाही." एका ड्रिलसाठी घराणं निवडायचं, हे मला लग्नासारखं वाटलं. मी 18 व्होल्टचं, हॅमर नसलेलं साधं ड्रिल घेतलं. टॉर्क 55 होता ना!

घरी येऊन पहिलं भोक सुरू केलं. पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लोण्यासारखा गेला. मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. तो नुसता गिलावा होता. मग बिट किंचाळायला लागलं, भुगा थांबला, टोक निळं पडलं. मी अंगाचा भार टाकला आणि बेल वाजली.

दारात काका. हातात सोसायटीच्या नियमांचा कागद. "दीड ते चार आवाज बंद." घड्याळात एक चाळीस झाले होते. मी माफी मागणार, तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. कागदाची घडी खिशात गेली आणि काका चपला काढून आत आले.

"भुगा दाखव."

"काय?"

"भुगा रे! तांबडा की राखाडी?"

मी फरशीवरून चिमूटभर उचलला. काकांनी तो पारखून घ्यायच्या तांदळासारखा तळहातावर पसरला. "राखाडी. तांबडा असता तर वीट. खिडकीच्या वर लिंटेल असतं, ते काँक्रीट. टॉर्क किती म्हणालास?"

"पंचावन्न."

"म्हणजे पिळण्याची ताकद. काँक्रीट पिळून काय ओल्या कपड्यासारखं निथळणार आहे? त्याला ठोकावं लागतं. तुझ्या मशीनला ठोकताच येत नाही."

"काका, हॅमरवालं घेतलं असतं तर?"

"विटेत मस्त चाललं असतं. लिंटेलमध्ये घाम काढला असता. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात. जोर तूच लावायचा. थांब."

ते वर जाऊन वायरवालं, कोपरे झिजलेलं रोटरी हॅमर घेऊन आले. त्यात आत दट्ट्या हवेच्या दाबाने ठोके घालतो. ही ताकद ज्यूलमध्ये मोजतात, आणि मी तीन आठवड्यांत ज्यूल हा शब्द एकदाही पाहिला नव्हता. "पाकीट धर," काका म्हणाले. सहा मिलिमीटरचं भोक, पंधरा सेकंद. दुसरं, पुन्हा पंधरा. आणि दुपारच्या नियमाचं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नियम काय, आपल्यालाच असतात. परवा यांच्याच पार्किंगवरून... जाऊ दे.

भोकांत स्क्रू धरणाऱ्या गिट्ट्या बसवल्यावर काका औदार्याने म्हणाले, "आता तुझं खेळणं आण." मी स्क्रू लावला, ट्रिगर दाबला, आणि गिट्टीसकट स्क्रू गरागरा फिरायला लागला. पुढची रिंग ड्रिलच्या चिन्हावर होती, म्हणजे क्लच बंद, पूर्ण 55 मोकळा सुटलेला. कमी आकड्यावर ठेवली असती तर स्क्रू बसताक्षणी मशीन टकटक करून थांबलं असतं. शेवटी नवी गिट्टी ठोकून स्क्रू आजीच्या वेळच्या लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनेच आवळले. ड्रिलसोबत स्क्रूड्रायव्हरचा नवा संचही घेतला होता. पण त्यातलं टोक स्क्रूच्या खाचेत बसत नव्हतं.

काकांनी चहा घेतला, हॅमर उचललं आणि दारात थांबले.

"आमचं स्टूल हलतंय. पुढच्या रविवारी तुझं ते घेऊन ये. लाकडाला बरं आहे ते."

"किती वाजता येऊ?"

"चारनंतर. दीड ते चार आवाज बंद असतो."