तीन प्रकारे दिलेल्या बिलाबद्दल : म्हापशातल्या आमच्या काजूच्या दुकानाकडून उत्तर

"एक स्टार. थोडे रोख, थोडे वॉलेट, उरलेले कार्ड म्हटलं तर काउंटरवर कपाळाला आठ्या. वॉलेटमधून १,२०० कापले गेले, तरी 'आले नाहीत' म्हणून तेच पैसे कार्डावरून पुन्हा घेतले. रोख परत मागितली तर चक्क नकार. पर्यटकांना लुटतात."

नमस्कार ताई. गर्दीत तुम्हाला ताटकळत उभं राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. शुक्रवार होता, आमच्या म्हापशाच्या बाजाराचा दिवस. आठ्यांचं म्हणाल, तर काउंटरवरचा मुलगा मुळातच गंभीर चेहऱ्याचा आहे. त्याचं मी काय करू?

पण 'पुन्हा घेतले' हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं बिल ३,४८० रुपयांचं. आधी तुम्ही १,००० रोख दिले. ते 'रोख'मध्ये टाकल्यावर कॉम्प्युटरवर बाकी २,४८० दिसली. मग वॉलेटवरून आमचा क्यूआर स्कॅन करून १,२०० पाठवले. तुमच्या मोबाईलवर ते गोल फिरणारं चक्र आणि खाली 'प्रोसेसिंग'; तोवर तुम्हाला पैसे कापल्याचा मेसेजही आला होता. आमचा स्पीकर मात्र गप्प. स्पीकर कधी कधी नेटवर्कमुळे मुका होतो, म्हणून मुलानं दुकानाच्या ॲपमध्येही पाहिलं. तिथे नोंद नव्हती. बिलाचे सगळे हिस्से मिळून ३,४८० भरल्याशिवाय आमचं बिल बंदच होत नाही, आणि न आलेले पैसे 'आले' म्हणून तो टाकणार कसा? माल बाजूला ठेवतो, पैसे आले की घेऊन जा, असंही तो म्हणाला. तुम्हाला थिवींहून गाडी पकडायची होती. तेव्हा कार्डावर १,२८० च्या जागी २,४८० करा, हे तुम्हीच सांगितलंत. आमचं कार्डाचं मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं नाही, रक्कम हातानं टाकावी लागते. ती तुम्हाला दाखवूनच टाकली, पिन तुम्ही दाबलात.

आता रोख परत का दिली नाही. असं अडकलेलं पेमेंट पुढे दोन्हीकडे जाऊ शकतं: उशिरा आमच्याकडे जमा होईल, नाहीतर उलटून तुमच्या वॉलेटमध्ये जाईल. त्या क्षणी ते ना तुम्हाला कळतं, ना आम्हाला. मी गल्ल्यातले १,२०० तुमच्या हातावर ठेवले आणि उद्या वॉलेटचेही तुम्हाला परत गेले, तर माझे १,२०० कुठून येणार? किलोभर काजूमागे सुटतं काय, ते आमचं आम्हाला माहीत. आणि जमा झाले असते, तरी ॲपमधून रिफंड टाकून तुमच्या वॉलेटमध्येच पाठवले असते. ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत, हा आमच्याकडचा नियम आहे. नाहीतर रात्री गल्ला, कार्डाच्या स्लिपा आणि ॲपचा रिपोर्ट यांचा मेळच बसत नाही.

त्या रात्रीचा हिशेब मी स्वतः बसून पाहिला. तुमच्या बिलावर रोख १,०००, कार्ड २,४८०, एकूण ३,४८०. ॲपच्या रिपोर्टमध्ये तुमचे १,२०० त्या दिवशी नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. म्हणजे आमच्याकडे एक रुपयाही जास्त आलेला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयवरून दुकानदाराला पाठवलेले पैसे कापले गेले आणि दुकानाला पावती पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापुढच्या ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार मात्र तुम्हालाच तुमच्या वॉलेट ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन करावी लागेल, कारण पैसे तुमच्या बाजूनं निघालेत. व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक आम्हाला पाठवलात, तर 'आमच्याकडे जमा नाही' असं लेखी देतो, रिपोर्टसकट. तुमचा नंबर आमच्याकडे असता तर त्याच संध्याकाळी फोन केला असता. बिलावर नंबर द्यायला तुम्ही नको म्हणालात.

यापुढे तीन प्रकारे पैसे असतील तर आधी वॉलेट, मग कार्ड आणि रोख शेवटी घ्यायची, असं मुलाला सांगितलंय. वॉलेट अडकलंच, तर निदान पुढचे आकडे तरी बदलता येतात, आणि शेवटची पाच-दहा रुपयांची ओढाताण रोखीत भागते. बाकी काउंटरवर काय करता येईल तेही बघतो.

स्टार एक ठेवा, हरकत नाही. 'लुटतात' तेवढं काढा. वडिलांपासूनचं दुकान आहे, बाजारात आम्हाला रोज तोंड दाखवायचं असतं.